तीन कसोट्यांवर मुलांचा युक्तिवाद तपासणं, आणि 10 मार्कांची एक नमुना स्कीम

प्रश्न: मी नववी-दहावीला भाषा शिकवते. 'तुमचं मत कारणांसह लिहा' हा प्रश्न तपासताना माझे मार्क दरवेळी वेगळेच पडतात, सकाळी तपासला तर सात आणि रात्री तपासला तर पाच. एका मीटिंगमध्ये तीन कसोट्यांचा नियम ऐकला, कारण पटतं का, लागू पडतं का, पुरतं का. ऐकताना सोपं वाटलं पण पेपरवर लावायला गेले तर तिन्ही एकमेकांत गुंतले. हे 10 मार्कांत कसं बसवायचं? कुणी नमुना स्कीम देईल का?

उत्तर:

गुंततं कारण आपण तिन्ही कसोट्या एकाच गोष्टीला लावायला जातो. पहिल्या दोन, म्हणजे पटतं का आणि लागू पडतं का, या एकेका कारणाला सुट्या सुट्या लावायच्या असतात. तिसरी, पुरतं का, ही कुठल्याच एका कारणाला लावायची नसते, ती सगळी कारणं एकत्र ठेवून निष्कर्षासमोर लावायची असते. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धी गाठ सुटते. मी स्वतः पहिली दोन वर्षं प्रत्येक कारणासमोर तीन-तीन खुणा करत बसायचे आणि शेवटी बेरीज भलतीच यायची, म्हणून सांगते.

हा नियम कॅनडातल्या विंडसर युनिव्हर्सिटीतल्या राल्फ जॉन्सन आणि अँथनी ब्लेअर या दोघांनी 1977 च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात मांडला. पुस्तकी मराठीत त्याला स्वीकारार्हता, संबद्धता आणि पर्याप्तता म्हणता येईल, पण वर्गात हे शब्द काढले की मुलं शब्दच पाठ करत बसतात, म्हणून मी पटतं, लागू पडतं, पुरतं एवढंच वापरते. त्यांचा मूळ हेतू असा होता की रोजच्या बोलण्यातले, पेपरातले, भाषणातले युक्तिवाद औपचारिक तर्कशास्त्राच्या साच्यात बसत नाहीत, तर त्यांना तपासायला काहीतरी हाताला येईल असं माप पाहिजे. भूमितीच्या सिद्धतेला हे लावू नका. तिथे कारणं बरोबर असली आणि पायऱ्या बरोबर असल्या की निष्कर्ष येतोच, 'थोडंसं पुरतं' असली भानगड तिथे नसते.

आता एक पेपर घेऊ या. हा मी नमुन्यासाठी रचलाय, पण असे ढिगाने येतात.

"शाळा सकाळी एक तास उशिरा सुरू झाली पाहिजे. सगळ्याच शाळांनी हे केलं पाहिजे. डॉक्टर सांगतात की आमच्या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. आमच्या वर्गात विचारलं तर 40 पैकी 31 जणांनी हात वर करून सांगितलं की पहिल्या तासाला झोप येते. माझ्या चुलतभावाने शाळा बदलली, त्याची नवीन शाळा उशिरा भरते, आणि त्याचे मार्क वाढले. शिवाय जगातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या दहा वाजताच सुरू होतात. त्यामुळे शाळा उशिरा भरवणं हाच योग्य निर्णय आहे."

पहिलं काम, निष्कर्षाखाली रेघ मारा आणि कारणांना नंबर द्या. निष्कर्ष: सगळ्या शाळा एक तास उशिरा भराव्यात. कारण 1 झोपेची गरज, 2 वर्गातली मोजणी, 3 चुलतभाऊ, 4 कंपन्या. वेळ लागतो म्हणून हे टाळू नका, दुसऱ्या-तिसऱ्या पेपरपासून अर्ध्या मिनिटात होतं, आणि ज्या पेपरमध्ये निष्कर्षच सापडत नाही तो इथेच कळतो. बऱ्याच 'चांगल्या' निबंधांना निष्कर्षच नसतो बरं का, नुसती विषयाबद्दल सुंदर माहिती असते, आणि आपण भाषेवर भाळून सात देऊन मोकळे होतो.

आता क्रमाबद्दल. पुस्तकात बहुतेक वेळा 'पटतं का' पहिलं येतं, पण तपासताना मी 'लागू पडतं का' आधी घेते. कारण काय, तर ती कसोटी लावायची पद्धतच अशी आहे की कारण घटकाभर खरं धरायचं. स्वतःला विचारायचं, समजा हे शंभर टक्के खरं आहे, तर निष्कर्षाकडे माझं मन थोडंतरी सरकलं का? सरकलं तर लागू पडतं, मग किती सरकलं हा प्रश्न नंतरचा. नाही सरकलं तर ते कारण खरं की खोटं यात वेळ घालवायची गरजच नाही, ते बाजूला काढा.

कारण 4 बघा. समजा जगातल्या सगळ्या कंपन्या खरंच दहाला सुरू होतात. बरं मग? मोठ्या माणसांचं ऑफिस कधी उघडतं यावरून मुलांना सकाळी शिकताना काय होतं हे काहीच कळत नाही. हे कारण गळालं. आता इथे मजा आहे, हे कारण खोटंही आहे, सगळ्या कंपन्या काही दहाला सुरू होत नाहीत. तर तपासणारा काय करतो, संबंध नाही म्हणून एक मार्क कापतो, पटत नाही म्हणून आणखी एक कापतो, आणि मग 'आधार कमी पडला' म्हणून तिसराही कापतो. एका वाक्याची तीनदा शिक्षा! तुमचे मार्क सात-पाच हलतात त्याचं मला सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं, कारण एखाद्या दिवशी आपण तीनदा कापतो आणि एखाद्या दिवशी एकदाच. म्हणून माझा कडक नियम आहे: जे कारण एका कसोटीवर गळालं ते तिथेच खोडायचं, पुढच्या कसोटीला फक्त उरलेली कारणं जातात. चौथं कारण संबंधात गळालं, आता ते पटण्याच्या हिशोबात नाही.

उरलेली तीन लागू पडतात का? झोपेची गरज, हो, पण थेट नाही. मुलांना जास्त झोप लागते इथपासून शाळा उशिरा भरवा इथपर्यंत जायला मधे एक न लिहिलेलं वाक्य लागतं, 'शाळा उशिरा भरली तर मुलं जास्त झोपतील'. मुलगा ते लिहीत नाही, त्याला ते उघडच वाटतं. हे गाळलेलं वाक्य पेन्सिलने समासात लिहून ठेवा, आपल्याला ते पुढे लागणार आहे. वर्गातली मोजणी लागू पडते. चुलतभाऊ पण लागू पडतो, हो पडतो, इथे बरेच टीचर चुकतात. 'एका माणसाचं उदाहरण म्हणजे संबंध नाही' असं नसतं. समजा त्याचे मार्क खरंच वाढले, तर मन अगदी केसभर सरकतंच. ते कमी आहे, म्हणजे दोष 'पुरतं का' मधला, 'लागू पडतं का' मधला नाही. कमी असणं आणि भलतंच असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पटतं का. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी की ही कसोटी 'खरं आहे का' अशी नाहीये. खरंखोटं प्रत्येक वेळी टीचरला तरी कुठे माहीत असतं. प्रश्न असा आहे की समजूतदार, विषयाबद्दल आधीच मत ठरवून न बसलेला वाचक हे आणखी पुरावा न मागता मान्य करेल का, आणि नसेल करणार तर लिहिणाऱ्याने आधार दिलाय का. म्हणजे एखादं वाक्य खरं असूनही या कसोटीवर पडू शकतं, जर ते वाचकाला कळायचा काही मार्गच नसेल आणि मुलाने नुसतं ठोकून दिलं असेल तर. उलट, आपल्या माहितीप्रमाणे थोडं चुकलेलं पण सगळ्यांना सर्वसाधारणपणे मान्य असलेलं वाक्य पास होऊ शकतं. हे टीचरना पचत नाही सुरुवातीला, मलाही पचलं नव्हतं. तथ्याची चूक असेल तर ती समासात दुरुस्त करा, आणि जर ते वाक्य वर्गात शिकवलेल्या गोष्टीच्या विरुद्ध असेल तरच मार्क कापा, कारण मग मुलाला ते माहीत असायला हवं होतं.

आपल्या पेपरमध्ये आठ ते दहा तासांचं वाक्य पटतं, किशोरवयीन मुलांसाठी झोपतज्ज्ञ साधारण हाच आकडा सांगतात आणि बहुतेक वाचकांनी तो ऐकलेला असतो. त्याने कोण डॉक्टर हे लिहिलं नाही, पण एवढ्या सर्वमान्य गोष्टीला ते मागणं म्हणजे आपण उगाच ताणतोय. वर्गातली मोजणी पटते, वाटलं तर आपण उद्या वर्गात जाऊन परत हात वर करायला लावू शकतो. चुलतभावाबद्दल मुलाला खोटं बोलायचं कारण नाही, साधी साक्ष म्हणून चालेल. म्हणजे पटण्याच्या कसोटीवर हा पेपर चांगला आहे.

इथे कुठला पेपर आपटतो? ज्यात कारण म्हणून निष्कर्षच फिरवून लिहिलेला असतो. 'शाळा उशिरा भरावी कारण शाळा लवकर भरणं चुकीचं आहे.' याचा संबंध तर पूर्ण आहे, खरं धरलं तर निष्कर्ष आलाच! पण ज्याला निष्कर्ष मान्य नाही त्याला हे कारण मान्य होईल का? शक्यच नाही. म्हणून तो दोष पटण्याचा. तसंच व्यक्तीवर घसरणं, 'जे विरोध करतात ते जुनाट विचारांचे आहेत', हा संबंधाचा दोष, कारण ते जुनाट असले तरी शाळेच्या वेळेबद्दल त्यातून काही निघत नाही. घाईघाईत सार्वत्रिक विधान करणं हा पुरेसेपणाचा दोष. तुम्ही मुलांना तर्कदोषांची पंधरा-वीस नावं पाठ करायला देत असाल तर थांबवा असं माझं स्पष्ट मत आहे, नाव पाठ झालं की मुलं दुसऱ्याच्या पेपरवर नावाचा शिक्का मारून मोकळी होतात आणि दोष नेमका कुठे आहे ते दाखवू शकत नाहीत. कुठल्या कसोटीवर पडलं एवढं सांगता आलं की खूप झालं.

आता खरा अवघड भाग, पुरतं का. 

कारणांची संख्या मोजू नका. 'तीन कारणं लिहा' असं आपणच प्रश्नात लिहितो आणि मग मुलं दोन चांगल्या कारणांना तिसरं भरताड कारण जोडतात, वरचं कंपन्यांचं कारण असंच आलेलं असतं, बघा पाहिजे तर. पुरतं की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, निष्कर्ष केवढा मोठा आहे. दोन, विरुद्ध बाजूचा जो सगळ्यात दणकट आक्षेप आहे त्याला तोंड दिलंय का.

पहिली गोष्ट. 'सगळ्याच शाळांनी केलं पाहिजे' हा निष्कर्ष हत्तीएवढा आहे, आणि आधार काय, तर एक सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला, एका वर्गातले 31 हात आणि एक चुलतभाऊ. हाच आधार 'आमच्या शाळेने विचार करायला हरकत नाही' या निष्कर्षाला बऱ्यापैकी पुरतो. आधार तोच, निष्कर्ष लहान केला की मार्क वाढतात. काही टीचरना हे लबाडी वाटते, मुलाने पळवाट काढली असं. मला उलट वाटतं, आपल्या हातात जेवढा पुरावा आहे तेवढंच म्हणणं हेच तर शिकवायचंय. फक्त एवढं बघा की प्रश्नाने जे विचारलं त्याचं उत्तर राहिलंय ना, 'दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे' इतका निष्कर्ष बारीक केला असेल तर तो निष्कर्षच राहत नाही.

31 हातांचं पण बघू. झोप येते हे कळलं, पण ती शाळेच्या वेळेमुळे येते की रात्री बारापर्यंत जागल्यामुळे, हे त्या हातांवरून कळत नाही. चुलतभावाचं तर शाळाच बदलली, म्हणजे टीचर बदलले, वर्गाचा आकार बदलला असेल, पेपर काढणारे बदलले, यातलं मार्क कशाने वाढले कोण सांगणार. इथे मुलांच्या पेपरवर 'पुरावा अपुरा' असं लिहू नका, त्यातून त्याला काही कळत नाही. 'शाळा बदलल्यावर आणखी काय काय बदललं?' एवढा एक प्रश्न समासात लिहा.

आणि ते पेन्सिलने लिहिलेलं गाळलेलं वाक्य आता बाहेर काढा. 'शाळा उशिरा भरली तर मुलं जास्त झोपतील.' सगळ्यात दणकट आक्षेप नेमका इथेच बसतो, मुलं तासभर उशिरा झोपतील, मग फायदा काय? माझ्या अनुभवात गाळलेलं वाक्य सापडलं की आक्षेप आपोआप सापडतो, वेगळा शोधावा लागत नाही. या मुलाने त्याचा उल्लेखच केला नाही. घरच्यांच्या ऑफिसची वेळ, शाळेच्या बसची वेळ, संध्याकाळचे क्लास, हे आक्षेप पण आहेत, पण ते दुय्यम, कारण त्यांनी अडचण दाखवली जाते, झोपेचा मूळ मुद्दा हलत नाही. मार्क मुख्य आक्षेपाला द्या. नाहीतर मुलं 'काही जण म्हणतील की याने गैरसोय होईल पण तसं नाही' असं एक ठरलेलं वाक्य शेवटी चिकटवतात आणि आपण आक्षेपाचे मार्क देऊन टाकतो.

आता स्कीम. मी 10 मार्क असे वाटते:

निष्कर्ष, 1 मार्क. नेमका काय निष्कर्ष आहे ते एका वाक्यात दाखवता येतं का. येतं तर 1, नाही तर 0. अर्धा देऊ नका.

लागू पडतं का, 2 मार्क. सगळी कारणं याच निष्कर्षाची असतील तर 2. मुख्य कारण लागू पडतं पण एखादं भरकटलंय, तर 1. मुख्य कारणच दुसऱ्या कुठल्या मुद्द्याचं आहे, तर 0.

पटतं का, 3 मार्क. संबंधात टिकलेली सगळी कारणं मान्य होण्यासारखी आहेत, किंवा शंका येईल तिथे आधार दिलाय, तर 3. एखादं डळमळीत आहे पण सगळा डोलारा त्याच्यावर नाही, तर 2. ज्याच्यावर भार आहे तेच कारण नुसतं ठोकून दिलंय, किंवा निष्कर्षच फिरवून लिहिलाय, तर 1. मान्य करावं असं एकही कारण नाही, किंवा दोन कारणं एकमेकांना खोडतात, तर 0.

पुरतं का, 4 मार्क, दोन भागांत. पहिले 2 आधार आणि निष्कर्षाच्या मापाचे: माप जुळतं तर 2, आधार खरा आहे पण निष्कर्ष त्यापेक्षा मोठा तर 1, एखाद्या उदाहरणावर सगळं उभं केलंय तर 0. दुसरे 2 आक्षेपाचे: मुख्य आक्षेप स्वतः मांडून त्याला उत्तर दिलंय तर 2, मांडलाय पण झटकून टाकलाय, किंवा दुय्यम आक्षेपाला नीट उत्तर दिलंय, तर 1, काहीच नाही तर 0.

भाषा, शुद्धलेखन, अक्षर यांचे मार्क यात नाहीत, ते द्यायचेच असतील तर वेगळ्या रकान्यात द्या, प्लीज. एकत्र केलं की परत जुन्या जागी येतो आपण.

वरच्या पेपरला या स्कीमने किती? निष्कर्ष 1. लागू पडतं का, कंपन्या भरकटल्या, 1. पटतं का 3. मापाचा 1. आक्षेप 0. एकूण 6. आणि आता मुलगा येऊन म्हणाला 'टीचर चार मार्क कुठे गेले?' तर दोन बोटांनी दाखवता येतं, एक चौथ्या कारणात गेला, एक 'सगळ्याच शाळांनी' या शब्दांत गेला, आणि दोन, रात्री उशिरा झोपण्याचा मुद्दा तू घेतलाच नाहीस त्यात गेले.

याच मुलाने परत लिहिलं तर कसं दिसेल तेही दाखवते, कारण नुसती वजाबाकी दाखवून मुलांना लिहिता येत नाही:

"आमच्या शाळेने एक सत्र तरी तासभर उशिरा सुरू करून बघावं. आमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आमच्या वर्गात 40 पैकी 31 जणांना पहिल्या तासाला झोप येते. कुणी म्हणेल, शाळा उशिरा झाली तर तुम्ही झोपायला पण उशीर कराल. म्हणून आम्ही परीक्षेच्या आठवड्यात, जेव्हा आमचा पेपर तासभर उशिरा असायचा, तेव्हाच्या झोपेच्या वेळा लिहून ठेवल्या. 40 पैकी 27 जण नेहमीच्याच वेळी झोपले. परीक्षेचा आठवडा नेहमीसारखा नसतो हे मान्य आहे, म्हणूनच आधी एक सत्र करून बघा असं मी म्हणतो."

कारणं कमी झाली, चारावरून दोन, आणि मार्क वाढले. निष्कर्ष 1, लागू पडतं 2, पटतं 3, माप 2, आक्षेप 2, पूर्ण 10. 'झोप मिळाली पण शिकणं सुधारलं का' हे यात नाही, खरंय, पण त्याने 'करून बघा' एवढंच म्हटलंय, कायमचं बदला म्हटलं असतं तर मी मापाचा एक कापला असता. माझ्या एका सहकाऱ्याने हाच पेपर वाचून 9 दिले, त्याला परीक्षेच्या आठवड्याचा पुरावा फारच लंगडा वाटला, मुलगा स्वतः कबूल करतोय तरी. असा एका मार्काचा फरक राहतो, राहू द्या.

तुमच्याकडे दोन-तीन जण तपासणारे असतील तर गठ्ठा वाटून घ्यायच्या आधी पाचच पेपर सगळ्यांनी एकमेकांना न विचारता तपासा आणि एकूण मार्क न बघता कसोटीवार आकडे समोरासमोर ठेवा. एकूण मार्क जुळले याचा अर्थ काही नाही, एकाने पटण्यात कापलेलं दुसऱ्याने पुरण्यात कापलेलं असतं आणि बेरीज सारखी येते. आमच्याकडे फरक जवळजवळ नेहमी पुरेसेपणात येतो, आणि भांडण बहुतेक वेळा 'मुख्य आक्षेप कुठला' यावर असतं. म्हणून आता आम्ही प्रश्न काढतानाच प्रत्येक बाजूसाठी एक-दोन मुख्य आक्षेप लिहून ठेवतो, आणि मुलाने त्यापेक्षा दणकट आक्षेप काढला तर यादीत घालतो.

आणखी एक अडचण येणार तुम्हाला, दोन कारणं जोडीने चालतात की आपापल्या पायावर उभी आहेत हे ओळखणं. वरच्या पेपरमध्ये झोपेची गरज आणि ते गाळलेलं वाक्य ही जोडी आहे, एक पडलं की दुसरं निरुपयोगी. पण मोजणी आणि चुलतभाऊ सुटे आहेत, चुलतभाऊ खोडला तरी मोजणी तशीच राहते. ओळखायचं कसं, तर एक कारण बोटाने झाकायचं आणि दुसऱ्याला अजून काही अर्थ उरतो का बघायचं. उरत नसेल तर जोडी. जोडीतलं एक पडलं तर दुसऱ्याला पटण्याच्या रकान्यात परत कापू नका, जोडीचा एकच हिशोब.

आणि ज्या विषयावर तुमचं स्वतःचं मत ठाम आहे तो गठ्ठा तपासताना जपून. आपल्या बाजूच्या पेपरला 'पटतं का' मध्ये आपण सहज 3 देतो कारण ते आपल्याला आधीच पटलेलं असतं, त्यात मुलाचं काही नसतं. मी असं करते की शंका आली की मनातल्या मनात निष्कर्ष उलटा करते आणि विचारते, याच दर्जाच्या आधारावर कुणी उलट बाजू मांडली असती तर मी हे कारण पुरावा न मागता सोडलं असतं का? दर गठ्ठ्यात दोन-तीन पेपरचे मार्क यावर बदलतात, बहुतेक वेळा माझ्या बाजूच्या पेपरचे कमी होतात.

पहिल्यांदा ही स्कीम वापराल तेव्हा एका पेपरला सहा-सात मिनिटं धरा, दुसऱ्या गठ्ठ्यापासून साधारण तीनवर येतं. मुलांना स्कीम आधीच द्या, लपवू नका, फक्त आक्षेपांची यादी देऊ नका.